कुलूप शाबूत, घर उघडं

बायको जाऊन आठ महिने झाले. घरात बसून काय करू, म्हणून लिहितो. चौथीपर्यंतच शिकलो, शुद्धलेखन पोरगी पाहून घेईल.

सन एकोणीसशे पन्नासच्या पुढची दोन-चार वर्षं असतील. मी वर्ध्यात एका कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या रेच्यावर कामाले होतो. घरमालकाच्या घरामागं ओळीनं चार भाड्याच्या खोल्या होत्या, त्यातली टोकाची आमची. मागच्या बोळाच्या फाटकाले ना कडी ना अडसर. कुत्रे, गाई अन् येणारे-जाणारे सगळे तिथूनच.

एका दुपारी बायको बाजारातून आली तर दार सताड उघडं. कुलूप मात्र लावलेलंच! चौकटीतून कोयंडा उपटलेला अन् कुलूप त्याच्यासकट कडीले लोंबत होतं. चोरानं पाणी भरायचा तांब्याचा गुंड नेला, दोन लुगडी नेली. वर भाकर अन् ठेचा खाल्ला. ठेचा आमच्या हिच्या हातचा. तो खाऊन त्यानं अर्धा माठ रिकामा केला.

मी ठाण्यात जाऊन वर्दी दिली. जमादार आले, दोन पंच बसवले, पंचनामा लिहू लागले.

"अन् पानी लिहा," बायको म्हणाली. "अर्धा माठ."

"बाई, पानी चोरीत धरत नाई."

"तुमी आना मंग विहिरीवरून भरून."

जमादारानं गुपचूप लिहिलं.

तेवढ्यात मालक आले. कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. घरातून निघताना कुलूप तीन वेळा ओढून पाहायची सवय. मी हात जोडून म्हटलं, "काकाजी, मजबूत कोयंडा बसवून द्या. फाटकालेही अडसर पाहिजे. मी दिवसभर जिनात असतो, ही एकटी राह्यते."

मालकांनी आमचं कुलूप उलटंसुलटं करून पाहिलं. "कुलूप तर शाबूत आहे. मग घरफोडी झाली कुठे? तुम्ही लेखी अर्ज द्या, मी विचार करतो."

बायको आत गेली अन् पेटी भरू लागली. मी मागं गेलो तर म्हणे, "मी तळेगावले चालली, बाबाकडे. दारासंगं तुमी राहा."

मले घाम फुटला. लगनाले वर्षही झालं नव्हतं. मले भाकर करता येत नव्हती, हे एक कारण. दुसरं कारण तेव्हा तिले सांगताच आलं नाही. आता ऐकायले ती नाही.

बाहेर मालक जमादाराले सांगत होते, "माझ्या स्वतःच्या दारालाही हाच कोयंडा आहे. त्याच सुताराने बसवला, तेच खिळे. कोणी उघडून दाखवावं!"

बायको पेटी तशीच टाकून बाहेर आली. हातात भाकर उलथायचा लोखंडी सराटा.

"खरंच दाखवू का, काकाजी?"

"खुशाल दाखवा, बाई," मालक हसत म्हणाले.

सगळी वरात मालकाच्या दाराशी गेली. मालकीणबाई देवळात गेल्या होत्या, दाराले मोठं कुलूप. हिनं सराटा कोयंड्याखाली घातला, पदर खोचला अन् एकच हिसका दिला. कोयंडा मुळासकट बाहेर! दार कुरकुर करत आपोआप आत गेलं. मालकांचं हसू तोंडावर तसंच राह्यलं, खाली उतरवायचं ते विसरले.

नेमक्या तेव्हाच मालकीणबाई आल्या. उघडं दार अन् जमादार पाहून त्यांनी टाहो फोडला, "अगं बाई! चोर! आपल्याकडे चोर!"

"चोरी नाई, माय," जमादार गंभीरपणे म्हणाले. "कुलूप शाबूत हाय. मालकाईले इचारा."

खरं काय ते कळल्यावर मालकीणबाई उंबऱ्यावरच बसल्या. "लोहार येईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही. स्वयंपाक तुम्हीच करा."

मालक चपला न घालता लोहाराकडे गेले. लोहार सामान घेऊन आला अन् मालकाच्या दाराकडे वळला, तर ही आडवी उभी. "पयले आमचं. अर्ज तोंडी हाय."

मालकीणबाई उंबऱ्यावरून ओरडल्या, "तिचंच आधी कर रे!"

खिळ्यांच्या जागी आरपार बोल्ट बसले, आतून चाक्या घट्ट आवळल्या. आतल्या अंगाले दारामागं आडवा टाकायचा आडणा बसला. संध्याकाळपर्यंत फाटकालेही लोखंडी अडसर लागला.

लोहार गेल्यावर हिनं मले बाहेर काढलं अन् आतून आडणा लावला. "आता तोडून दाखवा."

मी खांदा मारला. दार हललं नाही, खांदा मात्र हलला. तीन दिवस जिनात डाव्या हातानं काम केलं.

"उघड ना वं," मी म्हटलं, "दुखून राह्यलं."

आतून हसण्याचा आवाज. "थांबा जरा. पेटीतले कपडे काढून ठेवू द्या."

मी खांदा धरून पायरीवर बसलो. तिनं घाई केली नाही, अन् मीही पुन्हा हाक मारली नाही.