मरिस्वामीच्या गाडीचा शेवटचा हार

मरिस्वामीला मी चौतीस वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान तीस वर्षं मी त्याच्यावर चिडलेली आहे. मिरजेहून लग्न होऊन मी बंगळूरला केंगेरीत आले, तेव्हापासून तो आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी. इथल्या शाळेत मी हिंदी शिकवली, म्हणून अख्खी गल्ली मला 'मिस' म्हणते. मरिस्वामीसुद्धा. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा बाप्या, पण 'मिस, तुमच्या कुंडीतलं पाणी माझ्या गाडीवर उडलं' असं म्हणत सकाळी दारात उभा!

गाडी म्हणजे त्याचा जीव. टॅक्सीची पांढरी डिझेल गाडी. स्वतः आंघोळ करायच्या आधी तिला आंघोळ. ओली छत्री घेऊन आत बसलात तर तोंड असं करणार की तुम्ही त्याच्या देवघरात चपला घालून शिरलात. आणि स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर तो आयुष्यात कधी बसला नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "मिस, मागं बसतं ते गिऱ्हाईक. मी काय गिऱ्हाईक आहे?"

बायको लवकर गेली. मुलगी नागवेणी, तिला त्यानं टॅक्सीच्याच जोरावर वाढवलं. वेणी माझी विद्यार्थिनी. हिंदीत ढ, बाकी सगळ्यात हुशार. सत्तावीस वर्षांची झाली. दोन वर्षं एका गॅरेजात फोन घ्यायच्या नोकरीला होती, पण फोन कमी आणि बॉनेटखाली डोकं जास्त. टॅक्सी चालवायचा परवानाही काढला. बापाचे गुडघे गेले, डॉक्टरांनी क्लच दाबायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, गाडी मी चालवते."

"पोरीनं टॅक्सी चालवायची? कोण कुठला गाडीत बसेल, कुठं घेऊन जा म्हणेल... नको. विकून टाकतो."

मी भांडले, वेणी रडली, पण तो ढिम्म. राजाजीनगरचा शेखरप्पा म्हणून गिऱ्हाईक ठरलं. शेखरप्पाची एकच अट होती. विजयादशमीला, साडेदहाला राहुकाळ लागायच्या आत गाडी दारात हवी. राहुकाळात तो गाडी घेणार नाही.

आदल्या दिवशी आयुधपूजा. इथं त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मरिस्वामीनं यंदा कळसच केला. मार्केटमधून शेवंतीचा एवढा जाड हार आणला की दोन माणसांनी धरावा लागला. गाडीच्या नाकावर आडवा बांधला. दोरीनं रंगाला ओरखडा नको म्हणून खाली केळीचं अख्खं पान पसरलं, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. मी म्हटलं, "अहो, गाडीला श्वास तरी घेऊ द्या!" चेष्टेनं म्हटलं हो, मला काय ठाऊक!

"शेवटची पूजा आहे मिस," तो म्हणाला. हा हार आपल्या हातानं उतरवायचा नसतो, वाळून आपोआप गळायचा असतो, असं इथले ड्रायव्हर मानतात.

सकाळी आम्ही तिघं निघालो. मी कागद वाचून सह्या कुठं करायच्या ते सांगायला. वेणी म्हणाली, "अप्पा, एकदा तरी मला चालवू द्या. शेवटची." तो शेजारी बसला, मी मागे. म्हैसूर रोडला लागलो आणि नायंडहळ्ळीच्या अलीकडे अडकलो. फुलांच्या टेम्पोंना टेम्पो चिकटलेले, रस्त्यावर पूजेत फोडलेल्या कोहळ्यांचा चिखल. उन्हाचा कडाका, म्हणून एसी चालू. पाच मिनिटांत दहा हात पुढे. बाप दर मिनिटाला घड्याळ बघतोय.

एकदम टुंग टुंग वाजलं. समोर लाल दिवा लागला, थर्मामीटरचं चित्र असलेला. शेजारच्या तापमानाच्या काट्यानं लाल पट्टी गाठली होती.

"इंजिन तापलं," वेणी म्हणाली. दुसरं काही नाही. पण तिचा हात आधीच चालला होता. एसी बंद. मग तिनं हीटर पूर्ण गरमवर नेला आणि त्याचा पंखा मोठा केला. खिडक्या खाली. माझ्या अंगावर गरम वाफारा आला.

"अगं ए भवाने! बाहेर भट्टी, आत पण भट्टी?"

"मिस, इंजिनची उष्णता थोडी आत ओढून घेते. कडेला जाईपर्यंत तेवढाच आधार. सोसा जरा."

तिनं चारी इंडिकेटर लुकलुकते केले, हात बाहेर काढून डावीकडे जागा मागायला लागली. कोण देतंय! मागचा टेम्पोवाला कन्नडमधल्या ठेवणीतल्या शिव्या सोडत होता. आणि इकडे बाप वेगळंच बोलायला लागला.

"थांबू नको वेणी. नायंडहळ्ळी ओलांडली की रस्ता मोकळा. वारं लागलं की आपोआप थंड होते गाडी. दहाला दहा कमी आहेत."

"लाल दिवा आहे अप्पा."

"मला दिसतो! एकतीस वर्षं चालवलीय गाडी. कशीबशी शेखरप्पाच्या दारात पोचव. मग त्याचं तो बघेल."

वेणीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, क्षणभरच. "तापून इंजिनचं हेड वाकडं झालं तर अख्खं इंजिन गेलं. आणि अशी गाडी मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. तुम्ही बांधाल?"

आतून तर मी टाळ्याच वाजवल्या.

शेवटी एका बंद हार्डवेअरच्या दुकानापुढे जागा मिळाली. तिनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. "दोघं डावीकडून उतरा. फूटपाथवर उभे राहा." परवापर्यंत माझ्याकडून कानपिचक्या खाणारी पोरगी, आणि मी निमूट उतरले.

बॉनेटच्या फटींतून वाफ येत नाही हे तिनं लांबूनच नीट बघितलं, मग आतली कडी ओढली आणि बॉनेट वर केलं. तिथं खरा घोळ झाला. मरिस्वामीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, हाताला गुंडाळला आणि लंगडत थेट रेडिएटरच्या झाकणाकडे निघाला.

वेणीनं त्याच्या मनगटावर चापट मारली. खरीखुरी, सणसणीत!

"अप्पा! डाव्या हातावर आहे ती खूण पुरली नाही का?"

कोपरापासून मनगटापर्यंत त्याच्या डाव्या हाताची कातडी सुरकुतलेली आहे. वेणी चार वर्षांची होती तेव्हा होसूर रोडवर त्यानं तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतलं उकळतं पाणी उसळून हातावर आलं. महिनाभर आमच्या घरातून डबा जात होता. ह्या माणसाला ते आठवत नव्हतं असं नाही. घाई झाली की माणूस आठवणीतलं पण विसरतो.

तेवढ्यात पलीकडचा शहाळीवाला बादली घेऊन धावत आला. "ताई, गार पाणी ओतू का? फस्सकन थंड होईल!"

"दादा, लांब ठेवा ती बादली. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाईल."

"मग काय करायचं?"

"काही नाही. अर्धा तास वाट बघायची."

काही नाही करायचं! मरिस्वामीला हे सगळ्यात जड गेलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला. शहाळीवाल्यानं आम्हाला तीन शहाळी दिली आणि तिथंच उभा राहिला, फुकटचा तमाशा कोण सोडतो! वेणी हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होती, पंख्यापासून लांब. खाली वाकून कुठं गळतंय का बघितलं. नाही. कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीवरची रेघ बाहेरूनच बघितली. पाणी जरासंच कमी. मग ती गाडीच्या समोर आली आणि थांबली.

"अप्पा, इकडे या."

तो उठून गेला. तिनं शेवंतीचा हार जरा वर उचलला. खालचं केळीचं पान जाळीला गच्च चिकटलेलं होतं. पंख्यानं आत ओढून घेतलं होतं. नाकाचं तोंडच बंद! धावत्या गाडीला थोडं तरी वारं मिळालं असतं, पण ह्या गर्दीत सगळा भार पंख्यावर, आणि पंख्यानं हवा घ्यायची कुठून?

मरिस्वामी त्या पानाकडे बघतच राहिला.

"मीच की गं गळा दाबला तिचा," तो म्हणाला.

चेष्टा करायला माझ्या जिभेवर दहा वाक्यं आली होती. सगळी गिळली.

वेणी म्हणाली, "उतरवायला लागेल अप्पा. पण हार तुमचा आहे. तुम्ही उतरवा, नाहीतर गाडी इथंच उभी राहू दे."

त्यानं हारावरून एकदा हात फिरवला. मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातल्या छोट्या चाकूनं दोऱ्या कापल्या. हार दोन्ही हातांत घेतला. पान वेणीनं सोलून काढलं, खुंटही बाजूला केले. तिनं जाळीतल्या पाकळ्या बोटांनी वेचल्या.

अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. तिनं हात जवळ नेऊन बघितला, मग जाड फडकं घालून बाटलीचं झाकण पाव फेरा फिरवून थांबली. बारीकसा फुस्स आवाज आला, तो विरला, तेव्हा कुठं झाकण काढलं. डिकीतून आधीच मिसळून ठेवलेल्या कूलंटचा कॅन काढून रेघेपर्यंत भरलं. गाडी चालू केली. काटा मधोमध आला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं पंखा घर्रकन फिरला.

साडेदहा केव्हाच वाजून गेले होते. फोन खणखणला. शेखरप्पाचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "राहुकाळ लागला हो! आता उद्या आणा!"

मरिस्वामीनं हाराकडे बघितलं. मग स्टीअरिंगवर हात ठेवून काट्यावर डोळे लावून बसलेल्या पोरीकडे.

"शेखरप्पा," तो म्हणाला, "गाडी विकायची नाही. ड्रायव्हर मिळाला."

वेणीनं हे ऐकलं की नाही कोण जाणे. मान हलली नाही तिची. कान मात्र लाल झाले.

मी मागचं दार उघडून बसले. मरिस्वामी पुढच्या दाराशी गेला, तिथं थोडा थांबला, आणि वळून माझ्या बाजूला आला.

"सरका मिस."

तो बसला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या सीटवर. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते, मांडीवर तो भलामोठा हार, आणि हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना.

"एसी लाव की वेणी जरा," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"गॅरेजात दाखवेपर्यंत नाही."

मला वाटलं आता भडकणार. त्यानं शेवंतीचं एक फूल हारातून तोडलं आणि पुढे वाकून तिच्या वेणीत खोवलं.

"बरं, ड्रायव्हर," तो म्हणाला, "तू म्हणशील तसं."

मी खिडकीबाहेर बघत बसले. धूळ फार होती त्या रस्त्यावर, डोळ्यात गेली.