देवाचं खातं, चिमाजीचं कर्ज

ओतूरपासून थोडं आत एका गावात चिमाजीचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, खिडक्या, गोठ्याची फाटकं, सगळं तो जोडतो. माणसं मात्र त्याला जोडता येत नाहीत, कारण तोंड फाटकं. तरीही खंडोबाच्या यात्रेचा खजिनदार दरवर्षी तोच. ज्याच्या हिशेबात चहाचा कपही चुकत नाही असा दुसरा माणूस गावात नव्हता, आणि ज्यांना खजिनदार व्हायची हौस होती त्यांच्या हातात गाव नारळसुद्धा द्यायला धजत नव्हतं.

यात्रेचं खातं बँकेत होतं. नाव चिमाजीचं, पुढं 'खजिनदार, यात्रा समिती', सोबत गावाचा ठराव. सही एकट्याची. याच शाखेतून चिमाजीनं दुकानाच्या मशीनसाठी स्वतःच्या नावावर कर्ज घेतलं होतं आणि त्याचे हप्ते थकले होते. थकले ते थकले, चिमाजीही ते नाकारत नव्हता.

शाखेत नवे साहेब आले, कुंडलिकराव. खुर्चीला टॉवेल, टेबलावर घंटी, वसुलीचा भारी उत्साह. कॉम्प्युटरवर चिमाजीचं नाव टाकलं, तर दोन खाती पुढं आली. साहेबांना वाटलं घबाड सापडलं. खात्याचं नाव पुरतं वाचायचे कष्ट कोण घेतंय? ना नोटीस, ना फोन. देवाच्या खात्यातून पैसे उचलले आणि चिमाजीच्या कर्जात भरले.

आणि नेमका तेव्हाच चिमाजीनं तमाशाच्या फडमालकाला दिलेला यात्रेचा चेक बँकेत आला. रक्कम अपुरी, म्हणून परत गेला. फडमालकानं यात्रेच्या आदल्या दिवशी निरोप धाडला की आमचा फड दुसऱ्या गावाला चाललाय.

मग गावाचं बघायला नको. समितीचा अध्यक्ष सोपान, जो वर्गणी द्यायला दरवर्षी रडतो, तोच पारावर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, "चिमाजीनं खाल्लं. हप्ते त्यानंच फेडले देवाच्या पैशानं." चिमाजीनं पासबुक दाखवलं. पैसे त्याच्याच कर्जात गेले होते, म्हणजे पासबुकानं त्याचाच गळा धरला. बायको इंद्रायणी पाण्याला गेली तर बायका बोलायच्या थांबल्या. त्या दिवशी चिमाजीला खरंच रडू आलं. गावाला मात्र तो चोरीचा पस्तावा वाटला.

तो बँकेत गेला. साहेब म्हणाले, "सही तुमची, नाव तुमचं. बँकेला वजावटीचा हक्क असतो."

"साहेब, मशीन माझं. पैसं खंडोबाचं. खंडोबानं तुमच्याकडून कर्ज काढलं व्हतं का?"

साहेबांनी घंटी वाजवली.

चिमाजी थेट जुन्नरला वकील नूतनबाईंकडं गेला. कागद बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, वजावट करायची तर ज्याचं कर्ज आणि ज्याचे पैसे, तो माणूस दोन्हीकडं एकाच नात्यानं हवा. कर्जदार तुम्ही स्वतः, पण त्या खात्यात तुम्ही समितीचे. ठराव बँकेकडंच आहे, तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. खात्यात पैसे असायला हवे होते, तरी चेक परत केला, तर त्यापायी झालेलं नुकसान बँकेनं भरून द्यायचं. कायदाच आहे."

"आन् माझं सोन्याचं कडं? गेल्या साली त्यावर कर्ज काढलं, ते फेडलं. कडं अजून त्याच बँकेत पडलंय."

"ते मात्र बँक थकलेल्या कर्जासाठी अडवून धरू शकते, उलट करार नसेल तर. ते तुमचं स्वतःचं आहे."

हक्काचं सोनं साहेबाच्या तिजोरीत, आणि साहेबानं हात घातला देवाच्या पेटीत. असल्या अकलेला शाखा दिली कोणी, राव!

नोटीस गेली तशी मुख्य कचेरीनं साहेबांचे कान उपटले. पैसे खात्यात परत आले, भरपाईही मिळाली. चिमाजीनं एक अट घातली, की चूक बँकेची होती हे साहेबांनी पारावर येऊन सांगायचं. साहेब आले, घामाघूम होऊन कागद वाचला आणि गाडीत बसून पळाले. सोपाननं लगेच घसा साफ केला. "आमाला तर पयल्यापासून ठावं व्हतं. चिमाजीभाऊच फुडंबी खजिनदार."

चिमाजीनं चेकबुक आणि पासबुक सोपानच्या मांडीवर ठेवलं.

"कडं इकून माझे हप्ते म्या भरतो. त्याला कुनाचा ठराव लागत नाय. तुमी दुसरा चोर हुडका."

चेकबुक पारावर या हातातून त्या हातात फिरत राहिलं. ठेवून घ्यायला कोणी तयार होईना, आणि दुसऱ्याकडं राहू द्यावं इतका कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. चिमाजी दुकानात येऊन कामाला लागला.