आईच्या डोळ्यांवरचा चष्मा

तुळिंजच्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला पापडीच्या एक बाई यायच्या. घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज सांगणारं एक वाक्य लिहा म्हटलं, तर त्यांनी लिहिलं, 'मदर शुड हॅव कॉल्ड मी.'

मी वैतागलो. "अहो, 'शुड हॅव' म्हणजे फोन करायला हवा होता, पण केला नाही. ही तक्रार झाली. तुम्हाला म्हणायचंय काय?"

"तिनं फोन केला असणार, सर. आमचं भांडण झालेलं, मी फोन बंद करून ठेवला होता. सकाळी तिच्या घरी गेले, तर ती वारलेली दिसली. हातात मोबाइल, डोळ्यांवर चष्मा. चष्मा ती फक्त मला फोन लावायलाच घालायची."

माझा आवाज खाली आला. "मग 'मस्ट हॅव' लिहा, म्हणजे 'केला असणारच'. खात्रीला कारण आहे तुमच्याकडे."

त्यांनी 'शुड' खोडून 'मस्ट' लिहिलं. मग मी न सांगताच त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'शी कान्ट हॅव बीन अँग्री.' ती रागावलेली असणं शक्यच नाही.

इतकी वर्षं हे शब्द मी फळ्यावर खरडतोय. त्यांच्यात एवढं मावतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्यासमोर त्या बाई दोन ओळींत आईशी बोलू लागल्या होत्या, आणि मी लाल पेन घेऊन उभा होतो.