शनिवारी पाचनंतर मोकळा आहे काय, या प्रश्नाबाबत

घटनेचे दिवस तीन: एक सोमवार, त्याच आठवड्यातला गुरुवार आणि शनिवार. जबाबदार व्यक्तीही तीन, अपराधाच्या चढत्या क्रमाने: वाचनालयात माझ्यासमोर बसणाऱ्या बाई, जवळच्या बोरसी वस्तीतले माझे स्नेही, आणि मी.

बाई दुर्गच्या रेल्वे कुटुंबातल्या, निवृत्त शिक्षिका, माझ्यासारख्याच एकट्या. भिलाईच्या आमच्या मराठी वाचनालयात एकच वर्तमानपत्र आम्ही कित्येक वर्षे अर्धे-अर्धे करून वाचत होतो. सर्वांप्रमाणे मलाही त्या ‘भाऊ’ म्हणत. त्या सोमवारी म्हणाल्या नाहीत.

“तुमच्या आयुष्यात आता कोणी आहे का?”

“पत्नी निवर्तली, हे आपणास ठाऊक आहे.”

“ते नाही विचारून राहिली मी. आता?”

“नाही.”

“मग शनिवार-रविवार काय करता?”

“संपादकांना पत्रे लिहितो.”

“दर शनिवारी? बिचारे संपादक!”

गुरुवारी त्यांनी पुन्हा विचारले, “या शनिवारी कोणतं पत्र आहे? पाचनंतर मोकळे असता का?” मी कारण विचारले. “सहज,” म्हणाल्या, आणि माझ्या वाट्याचे पान त्यांनीच वाचायला घेतले.

बोरसीचे स्नेही कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “घर कधी रिकामं असते, ते काढून राहिली ती. तुमच्या क्वार्टरवर डोळा आहे कोणाचा तरी. लेखी द्या!”

मी बाईंच्या नावे लेखी दिले, टपालाने. मुद्देनिहाय. माझी वैवाहिक स्थिती व सुट्टीचा कार्यक्रम या खाजगी बाबी असून चौकशीचा हेतू कळवावा, असे. आयुष्यभराच्या सवयीने खाली लिहिले: प्रत माहितीस्तव, सचिव, वाचनालय. बाईंचे पत्र टपालात असतानाच सचिवांनी ही हातोहात दिलेली प्रत सूचना फलकावर लावली.

शनिवारी बाई नवी साडी नेसून आल्या. हातात दुर्गच्या नाटकाची दोन तिकिटे होती. फलकासमोर उभ्या राहून त्यांनी माझे पत्र शेवटपर्यंत वाचले आणि तिकिटे पर्समध्ये ठेवली.

“बरं आहे, भाऊ,” म्हणाल्या.

पुरावा तेव्हाही माझ्यासमोर होता. हे प्रश्न त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारले नव्हते. माझे उत्तर त्यांनी तीन दिवस लक्षात ठेवले होते. आधी कोणी आहे का, मग शनिवार, मग नेमकी वेळ. घर पाहणारा माणूस पत्राचा विषय विचारत नाही. मान्य, यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. एखाद्या नात्यातल्या बाईंसाठी त्या स्थळ पाहत असतील, किंवा नुसती सोबत हवी असेल. ते कळण्याचा एकच मार्ग होता: “मोकळा आहे. आपल्या मनात काय आहे?” एवढे विचारणे. मी हेतू मागितला, तोही प्रतीसह.

आता त्या खिडकीजवळ बसतात. पूर्ण वर्तमानपत्र माझ्याकडे येते, आणि ते माझ्याने वाचवत नाही.

सबब, माझे पूर्वीचे पत्र मी मागे घेतो, आणि हे त्याच फलकावर स्वहस्ते लावतो. बाई, मी शनिवारी पाचनंतर मोकळा आहे. दर शनिवारी. आपण आहात काय? अपमान सर्वांदेखत झाला, तेव्हा उत्तरही इथेच, सर्वांदेखत द्यावे. आणि त्यात ‘भाऊ’ हा शब्द नसावा, अशी माझी मागणी आहे.