शतावरीचा डबा आणि माझी लाज

लेक बाळंतपणाला बडोद्याला आली आणि मी आजोबा झालो. नातू आठ दिवसांचा झाला तरी वजन भरेना. दिवसाला जेमतेम तीन लंगोट ओले. “माझं दूधच पुरत नाहीये,” म्हणून लेक रडू लागली. शेजारच्या बेन म्हणाल्या, “शतावरी द्या काका, दूध उतरेल. बाईच्या जातीला अमृत!”

मी तडक लहरीपुऱ्याच्या बाजारात गेलो. जडीबुटीच्या दुकानात ही गर्दी! दुकानदाराने डबा पुढे केला, पण हातातून सोडला नाही. “बेनने गांठ-बांठ तो नथी ने? छातीमां, गर्भाशयमां?”

सोनोग्राफीत लेकीच्या गर्भाशयात गाठ निघाली होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मागे चार बायका उभ्या आणि गर्भाशय हा शब्द मी अख्ख्या आयुष्यात मोठ्याने उच्चारलेला नाही. मी खणखणीत आवाजात म्हणालो, “ना ना, बधुं बराबर!”

घरी बायकोने दूध तापत ठेवलं. डबा उघडणार, एवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “त्याने गाठीचं विचारलं होतं.”

“मग?”

“नाही म्हणून सांगितलं.”

“का हो?”

“बायका होत्या.”

“दुकानात बायका होत्या म्हणून माझ्या गर्भाशयातली गाठ गेली का, बाबा?” लेक रडता रडता हसायला लागली आणि तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई म्हणाल्या, “शतावरी पिढ्यान्‌पिढ्या देतात, पण तिने दूध वाढतंच असा भक्कम पुरावा नाही. शिवाय तिचा परिणाम स्त्री-हार्मोनसारखा होऊ शकतो. गर्भाशयात गाठ असेल किंवा स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. तुम्ही घेऊच नका. बाळाला घेऊन या.”

सयाजीगंजातल्या त्यांच्या दवाखान्यात नर्सने पाहिलं. बाळाची स्वारी नुसतं स्तनाचं टोक धरून चोखत होती. नर्सने लेकीला बाळ पोटाशी पोट लावून धरायला शिकवलं, तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्यायला लावलं, हनुवटी टेकवली. आणि गुटुक, गुटुक! पडद्याआड बसून मला ऐकू येत होतं. “दर दोन-तीन तासांनी पाजा. रिकामं होईल तेवढं नवं येतं. दिवसाला सहाएक लंगोट ओले व्हायला हवेत,” नर्स म्हणाली. दोन दिवसांनी वजन करायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा परत करायला मीच गेलो. “लेकीच्या गर्भाशयात गाठ आहे,” मी म्हणालो. रांगेतल्या एक बाई सहज म्हणाल्या, “मनेय छे, काका. डॉक्टरने पूछी लेवुं सारुं.” त्यांनाही गाठ होती, एवढंच. जग बुडालं नाही. दुकानदाराने डबा ठेवून घेतला.

घरी आलो तर लेक ओरडली, “बाबा, पाच झाले!”

मी नातवाला मांडीवर घेतलं. नव्या पँटवर ऊब पसरली.

“सहा!” मी असा ओरडलो की शेजारच्या बेन धावत आल्या.