चारही खूर दिसू देत

भाताची रोपं वितीएवढी झाली होती आणि आमच्या जोडीतला उजवा बैल पान लागून, म्हणजे साप चावून, गेला. रस्त्याच्या भरावामुळे आमच्या शेताकडे आता फक्त बांधावरून जाता येतं, पॉवर टिलर तिथं पोचत नाही. चिखलणीला बैलच हवा होता, आणि तोही लगेच.

बैलाची पारख माझ्या सासऱ्यांची. पण त्याच आठवड्यात पनवेलला त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं. नवरा तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर. त्याच्या ओळखीतून अकोले तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने डांगी जातीच्या बैलाचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. रात्री दुसरं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येणार आहे, तेव्हा लवकर सांगा, असंही कळवलं.

मी ओटीवर सासऱ्यांजवळ बसले आणि दिसेल ते सांगत गेले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, छाती रुंद, वशिंड उंच.

"फोटो समोरून काढलाय का?" त्यांनी विचारलं.

समोरूनच होता, आणि अगदी जवळून.

"मग छाती रुंद दिसणारच. पाय सांग."

पाय गुडघाभर गवतात होते. खूर दिसतच नव्हते.

मी त्या शेतकऱ्याला फोन केला. बैल टणक जमिनीवर उभा करा, मोबाइल त्याच्या पोटाच्या उंचीला धरा, एक फोटो बाजूने आणि एक मागून काढा, असं सासरे सांगत होते तसं मी त्याला सांगितलं. तो जरा नाराज झाला, पण थोड्या वेळाने फोटो आले.

मी ते बोटांनी मोठे करून पाहिले. पाठ सरळ होती. वशिंड ताठ, कुठे कललेलं नाही. त्याच्या पुढे, जू बसतं तिथली कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती, पण सूज किंवा जखम नव्हती. म्हणजे जोताला लागलेला बैल होता. मागून पाहिलं तर पाय सरळ, ढोपरं एकमेकांना घासतील अशी आत वळलेली नाहीत. खूर काळे, नखं एकमेकांना लागून आणि सारखी. फक्त मागचा उजवा पाय त्याने टोकावर टेकला होता.

सासरे म्हणाले, "उभा बैल एक पाय ढिला सोडतोच."

मी बाजूचा फोटो पुन्हा उघडला. त्यातही तोच पाय टोकावर होता.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. आगाऊ पैसे आत्ताच पाठवतो, नाहीतर बैल जाईल, असं तो म्हणत होता. तो चुकीचं बोलत नव्हता. रोपं थांबणार नव्हती. तरी मी त्याला पैसे पाठवू नको म्हटलं आणि फोन ठेवला.

मी बैल चालतानाचा व्हिडिओ मागितला. बराच वेळ काही आलं नाही. सासरे खाटेच्या काठाशी बसून होते, मी मोबाइलकडे बघत. शेवटी व्हिडिओ आला. मागचा डावा खूर पुढच्याच्या ठशावर पडत होता, उजवा मात्र ठशाच्या अलीकडेच, म्हणजे तो पाय आखडत होता.

मी फोन करून म्हटलं, "दादा, तो पाय उचलून खालून बघा ना."

"सकाळपर्यंत बरा होता, ताई," तो म्हणाला आणि फोन चालू ठेवूनच बघायला गेला. नंतर त्याच्या आवाजातली घाई गेलेली होती. खुराच्या बेचक्यात खडीचा तुकडा रुतला होता. त्याने तो काढला. थोडं रक्त आलं होतं.

आता घ्यायचा का? जखम वरवरची की खोल, ते मला फोटोवरून कळणार नव्हतं. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"मला दिसत नाय. तूच बघतेस, तूच ठरव," ते म्हणाले.

मी शेतकऱ्याला सांगितलं, सकाळी परत चालवून दाखवा, मगच ठरवू. तो म्हणाला, रात्री गिऱ्हाईक आलं तर मी बैल अडवून ठेवणार नाही. मी बरं म्हटलं. जेवण कुणालाच गेलं नाही.

सकाळी व्हिडिओ आला. गिऱ्हाईक येऊन गेलं होतं, पण रक्त बघून त्याने दुसरा बैल नेला. मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. उजवा खूर ठशावर पडत होता, पाय पूर्ण टेकत होता. मी नवऱ्याला फोन करून हो सांगितलं.

टेम्पो आला तेव्हा सासरे भिंतीला धरून अंगणात उतरले. त्यांनी बैलाच्या वशिंडावर हात ठेवला, खांदा चाचपला. मग ढोपरावरून खाली बोटं नेत त्याच्या खुरापर्यंत वाकले. बैल शांत उभा होता.

"आपल्या डाव्याशी उंची जमेल," ते उठत म्हणाले, आणि मला बैलासाठी बादलीभर पाणी आणायला सांगितलं.