शून्य आणि पाचच्या मधली रेघ

प्रेसमध्ये तिला सगळे मावशी म्हणत. मालकही म्हणायचा, आणि तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता! बावीस वर्षं ही बाई एकाच खुर्चीत बसून मराठी टाइप करत होती. खुर्ची दोनदा बदलली, बाई तीच राहिली.

तिचा एक गुण होता, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. जुन्या फॉन्टच्या काळात संगणकाला मराठी कळायचीच नाही. तो आपला इंग्रजी अक्षरंच साठवायचा, वरून फॉन्ट त्यांना मराठीचं रूप द्यायचा. फॉन्ट काढून घेतला की खाली उरायचा नुसता कचरा. हा कचरा मावशीला घडाघडा वाचता यायचा. पडद्यावर vkbZ दिसलं की ती म्हणणार, "आई." fnol दिसलं की, "दिवस." नवी पोरं तोंडात बोटं घालायची. "त्यात काय एवढं," म्हणत मावशी चष्मा पुसायची, पण त्या दिवशी तिचा चहा जरा जास्तच गोड लागायचा.

तर त्या हॉस्पिटलचं काम आलं. लहान मुलांचं हॉस्पिटल, बाळ घरी नेताना आईच्या हातात द्यायचा कागद. ताप आला तर थेंब किती द्यायचे, कधी परत आणायचं, असं सगळं त्यात होतं. कागद पंधरा वर्षांपूर्वी याच प्रेसने केलेला. आता त्यांना तो फोनवरही पाठवायचा होता, म्हणून युनिकोडमध्ये, कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा नव्या पद्धतीत, हवा होता. जुनी फाइल सापडली, पण जुना फॉन्ट असलेला संगणक केव्हाच भंगारात गेला होता. नव्या संगणकावर फाइल उघडली, तर पानभर कचरा.

"कन्व्हर्टरमधून काढू या का? आपोआप बदलून देईल," मालकाने विचारलं.

"जोडाक्षरांची वाट लावतो तो. मी बघून टाइप करते," मावशी म्हणाली.

आणि केलंही तिने. कचरा बघायचा, मराठी टाइप करायची. एक वेलांटी चुकली नाही. शेवटी औषधाचा तक्ता राहिला. त्यातले आकडे तेवढे जसेच्या तसे दिसत होते, कारण आकड्यांच्या जागा जुन्या-नव्या दोन्हीकडे त्याच. मग ते उचलून नव्या चौकटीत टाकले. हॉस्पिटलच्या सिस्टरांनी प्रूफ पाहिलं, मजकूर मन लावून वाचला आणि विचारलं, "आकडे तपासलेत ना?"

"आकडे जुन्या फाइलमधून तसेच उचललेत," मावशीने सांगितलं. सिस्टरांनी सही केली. दोन हजार प्रती छापून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मावशीला सुट्टी होती. तिने एक प्रत घरी आणली होती. सून सात महिन्यांची गरोदर, पुढे उपयोगी पडेल म्हणून. सुनेने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला.

"आई, हे काय हो? तीन महिन्यांपर्यंतच्या बाळाला तापाचे थेंब शून्य ते पाच मिली? म्हणजे वाटेल तेवढे द्यायचे?"

"शून्य ते पाच कसलं? अर्धा मिली! पॉइंट पाच."

"इथे तर रेघ आहे. बघा ना."

मावशीने कागद ओढून घेतला. शून्य, रेघ, पाच.

आता तिला कळलं. जुन्या फॉन्टमध्ये टिंब हवं असलं की रेघेची कळ दाबायची. वर्षानुवर्षं दाबली होती! कचऱ्यात रेघ दिसली की तिचे डोळे टिंबच वाचत. नव्या फॉन्टमध्ये ती रेघ रेघच राहिली, तरी मावशीला दिसलं टिंब. फाइलमध्ये तिने पाहिलं, प्रूफमध्ये पाहिलं, छापल्यावर पाहिलं. तिन्ही वेळा टिंबच.

"अगं बाई गं," एवढंच ती बोलली आणि पायात सुनेच्या चपला सरकवून निघाली.

रिक्षात तिने हॉस्पिटलला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. अर्ध्याच्या जागी पाच म्हणजे दहापट. एवढंसं बाळ, एवढासा जीव. तिने तिसऱ्यांदा नंबर फिरवला. कुणी दिले नसतील, असं ती मनाशी म्हणत होती, आणि कुणी दिले असतील तर, हा विचार मधेच आत शिरत होता.

वॉर्डाच्या दाराशीच त्याच सिस्टर भेटल्या. मावशीने कागद पुढे धरला आणि एका दमात सगळं सांगितलं. सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरचा गठ्ठा आधी कपाटात कोंबला, मग वही उघडली. सकाळपासून सहा जणींना कागद दिला होता. त्या एकेक नंबर फिरवू लागल्या. पहिलीचं बाळ ठणठणीत. दुसरीने बाटली उघडलीच नव्हती. मावशी भिंतीला टेकून उभी होती. दर फोनला ती एकेक बोट मिटत होती. पाच जणी झाल्या. सहावी फोन उचलेना.

"पुन्हा लावा हो," मावशी म्हणाली. "पाया पडते, पुन्हा लावा."

"लावतेच आहे."

चौथ्यांदा रिंग वाजली ती जिन्यातच. एक किरकोळ अंगाची मुलगी बाळाला छातीशी धरून धापा टाकत वर येत होती. "सिस्टर, हा उठतच नाहीये नीट! औषध दिल्यापासून नुसता पेंगतोय."

"किती दिलंस?"

"दोन मिली. कागदावर शून्य ते पाच होतं, म्हणून मी मधलं धरलं."

सिस्टर बाळ घेऊन आत धावल्या. पडदा ओढला गेला. डॉक्टर आले, कुणी सुई मागितली, ती टोचली, तरी बाळ रडलं नाही. मावशी आणि ती मुलगी एकाच बाकावर बसल्या. मावशीला आपल्याच हातांकडे बघवेना. तिने ते पदराखाली घेतले. देवा, माझं काय हवं ते ने, पण याला रडू दे, असं ती म्हणत राहिली.

बाळ रडलं. बारीक, चिडकं, पण रडलं. मावशीही रडू लागली.

डॉक्टर बाहेर आले. "ताप आणि थकव्याची गुंगी दिसतेय. दोन मिली म्हणजे जास्तच झालं, पण निभावेल. रक्त तपासायला पाठवलंय. आज इथेच राहू दे. पाच दिलं असतं तर मला असं सांगता आलं नसतं." ते आत गेले.

मुलीने ओढणीने डोळे पुसले आणि मावशीकडे पाहिलं. "तुमचंही कुणी आहे का आत? फार रडताय." मग ती खाली बघत म्हणाली, "माझंच चुकलं हो. माझी शाळा मधेच सुटली. मलाच नीट वाचता आलं नसेल. कागद छापणाऱ्या शिकलेल्या लोकांचं कसं चुकेल?"

मावशीला गप्प राहता आलं असतं. सिस्टर आत होत्या, आणि ही मुलगी तिला ओळखत नव्हती. तिने पदराखालचे हात बाहेर काढले.

"पोरी, तू बरोबर वाचलंस," ती म्हणाली. "जसं छापलंय तसंच वाचलंस. तो कागद मी केलाय. वाचता मला आलं नाही."